Cp − Cv = R: ‘फुगण्याचं काम’ एवढंच उत्तर पुरे आहे का?

सई_बर्डी: बारावीला आहे. एक मोल वायू एक केल्विनने तापवायला स्थिर दाबाला लागणारी उष्णता Cp, स्थिर आकारमानाला लागणारी Cv, आणि दोघांतला फरक R, म्हणजे 8.314 ज्यूल, का येतो हा माझा प्रश्न. क्लासमध्ये सर म्हणाले, स्थिर दाबाला वायू फुगतो, त्याला काम करावं लागतं, ते काम R एवढं, लिहून घ्या. लिहून घेतलं. पण हेलियम हलका, नायट्रोजन जड, तरी दोघांचं काम अगदी 8.314 ज्यूलच कसं? आणि दाब दुप्पट केला तर काम दुप्पट व्हायला नको का?

महालातले_मास्तर: एक नळकांडं घे, तळ 100 चौरस सेंटिमीटर. आत एक मोल वायू, तापमान 300 केल्विन, दाब 1 बार. वायू साधारण 25 लिटर जागा घेईल, म्हणजे अडीच मीटर उंचीचा खांब झाला. वर पिस्टन. एवढ्या तळावर 1 बार म्हणजे 1000 न्यूटन. कळमन्यात तुरीचं एक क्विंटलचं पोतं उचलतात ना, जवळजवळ तेवढं वजन.

आता एक केल्विनने तापव. दाब तोच ठेवला तर खांब तीनशेतल्या एका भागाने वाढणार, म्हणजे 8.3 मिलिमीटर. पोतं तेवढं वर गेलं. 1000 गुणिले 0.0083, झाले 8.3 ज्यूल.

दाब दुप्पट कर. आता वर दोन पोती आहेत, पण तोच वायू अर्ध्या जागेत दबलाय. खांब सव्वा मीटरचा. त्याचा तीनशेवा भाग 4.15 मिलिमीटर. दुप्पट वजन, अर्धं अंतर, काम तेच. 600 केल्विनपासून सुरुवात केलीस तरी खांब पाच मीटरचा आणि वाढ सहाशेव्या भागाची, म्हणजे पुन्हा 8.3 मिलिमीटर. यात मी हेलियम की नायट्रोजन हे विचारलंच नाही, कारण एका मोलच्या खांबाची उंची दोघांची सारखी.

धंतोली_ट्यूशन: म्हणजे क्लासमधले सर बरोबरच होते. R म्हणजे फुगण्याचं काम, विषय संपला. तीन मार्कांच्या उत्तराला पोती कशाला?

महालातले_मास्तर: अर्धा विषय संपला. पोतं उचलायला 8.3 ज्यूल लागले, हे पटलं. पण वजाबाकीतून R च उरायला दुसरी एक गोष्ट लागते. नायट्रोजन बंद डब्यात एक केल्विनने तापवायला साधारण 20.8 ज्यूल लागतात. पिस्टनखाली तापवताना आपण गुपचूप धरून चाललो की आतल्या आत अजूनही 20.8 च लागणार आणि पोत्याचे 8.3 वरून. कशावरून? पिस्टनखाली वायू नुसता तापला नाही, पसरलाही. रेणूंची एकमेकांना ओढ असती तर त्यांना दूर न्यायलाही उष्णता गेली असती. ती ना पोत्यात दिसली असती, ना थर्मामीटरवर.

आदर्श वायूत ती ओढ नाही, अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. म्हणूनच आकारमान बदलत असतानाही आपण Cv वापरतो. दरवर्षी पोरं विचारतात, ‘सर, आकारमान स्थिर नाही, मग Cv कसा?’ प्रश्न एकदम योग्य आणि ‘फुगण्याचं काम’ हे त्याचं उत्तर नाही.

सई_बर्डी: हो, हेच मला अडत होतं, फक्त विचारता येत नव्हतं. पण ओढ नाही हे कुणी तपासलं का?

महालातले_मास्तर: ज्यूलने, 1845 मध्ये. तांब्याची दोन भांडी, एकात सुमारे 22 वातावरण दाबाची हवा, दुसऱ्यात निर्वात. दोन्ही पाण्यात बुडवली आणि मधला कॉक उघडला. हवा धावत दुसऱ्या भांड्यात गेली, पण ढकलायला समोर काहीच नव्हतं म्हणून काम शून्य. पाण्याचं तापमान हललं नाही. अर्थात पाणी आणि तांबं इतकं होतं की हवा थोडी गार झाली असती तरी त्याला कळलं नसतं. पुढे त्याने थॉमसनबरोबर सच्छिद्र बोळ्यातून हवा सोडली तेव्हा ती किंचित गार झालेली सापडली.

कूलर_एसी_दुरुस्ती: भाऊ, मी एसीची कामं करतो. आमच्या तक्त्यात हवेचा Cp 1.005 अन् Cv 0.718 आहे. वजाबाकी 0.287 येते. तुम्ही 8.314 म्हणून राहिले. कोनाचं खोटं?

महालातले_मास्तर: कोणाचंच नाही, भाऊ. तुमचा तक्ता किलोचा, किलोज्यूलमध्ये. हवेचा एक मोल म्हणजे सुमारे 29 ग्रॅम. 0.287 ला 28.97 ने गुणा, 8.314 येईल. पण किलोच्या तक्त्यात हा आकडा प्रत्येक वायूचा वेगळा असतो, कार्बन डायऑक्साइडचा 0.189. सगळ्यांचा सारखा फक्त मोलला.

त्रिमूर्तीनगर_एमएस्सी: मास्तरांच्या पोत्यांना नमस्कार, पण ज्यूलला साक्षीला बोलवायची गरजच नाही. PV = RT मान्य केलंत ना? मग उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमावरून सरळ निघतं की स्थिर तापमानाला आकारमान बदललं तर अंतर्गत ऊर्जा बदलत नाही. दुसरी अट वेगळी नाहीच, ती पहिलीच्या पोटात आहे. तुम्ही एका गोष्टीच्या दोन करून पोरीला घाबरवताय.

आणि ‘पोत्यात दिसली नसती’ हेही पूर्ण खरं नाही. खऱ्या कार्बन डायऑक्साइडचा 25 अंश सेल्सिअस आणि एका वातावरणाला व्हॅन डर वाल्सच्या समीकरणाने अंदाज काढा. फरक 8.314 ऐवजी 8.41 च्या आसपास येतो, सव्वा टक्का जास्त. त्यातला निम्मा हिस्सा ओढ तोडण्यात जातो, पण निम्मा पोत्यातच दिसतो, कारण खरा वायू तापल्यावर जरा जास्त फुगतो.

महालातले_मास्तर: निम्मं-निम्मं हे मला माहीत नव्हतं, आत्ता कागदावर करून पाहिलं, बरोबर आहे. ‘पोत्यात दिसली नसती’ मागे घेतो.

पण पहिला मुद्दा सोडत नाही. दुसऱ्या नियमातला T आणि वायूच्या थर्मामीटरचा T एकच, हे तुम्ही आधीच धरलंत. ते कशावरून? त्यासाठी पुन्हा ज्यूलच्या भांड्यांपाशीच यावं लागतं. आणि मायर 1842 मध्ये हीच वजाबाकी करत होता, तेव्हा दुसरा नियम मांडलेलाही नव्हता. हा मायर पेशाने डॉक्टर. हवेच्या दोन उष्णतांमधला फरक म्हणजेच पोतं उचलण्याचं काम, असं धरून त्याने हिशेब केला: एक किलो पाणी एका अंशाने तापवायची उष्णता म्हणजे एक किलो वजन 365 मीटर उचलण्याइतकं काम. खरा आकडा 427 च्या जवळ. विचार पक्का होता, त्या काळची मोजमापं कच्ची होती.

त्रिमूर्तीनगर_एमएस्सी: इतिहासात काय आधी आलं आणि तर्कात काय आधी येतं, हे वेगळं. आदर्श वायूची व्याख्याच मी निरपेक्ष तापमानाने करतो, मग भांडी कशाला?

महालातले_मास्तर: व्याख्या तुम्ही करा हो. पण बाटलीतली हवा ती पाळते हे बघायला भांडीच लागतात.

धंतोली_ट्यूशन: हे सगळं बोर्डात विचारत नाहीत.

सई_बर्डी: मी उत्तरात दोन्ही ओळी लिहिणार. ‘अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर, म्हणून dU = Cv dT’ ही आधी आणि ‘P dV = R dT’ नंतर. क्लासच्या वहीत पहिली ओळ नाहीच.

कूलर_एसी_दुरुस्ती: मग सिलिंडरमधून गॅस सोडला की नळी गार पडते, बर्फ धरते, ते त्या ओढीनंच का? का आतला पातळ गॅस उकळते म्हणून? मास्तर, हे सांगा बाप्पा.