अडम तडम, राज्य कोणावर? तुमच्याकडे कोण मोजायचं आणि कोण सुटायचं, लिहा

चिंचबोरं
काल संध्याकाळी भाजी घेऊन येत होते तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं गोल करून उभी आणि एक मुलगी छातीवर बोट ठेवत ठेवत, अडम तडम तडतड बाजा, हुक्का तिक्का लेशमास, करवंद डाळिंब फुल्ला! पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले मी. कोथरूडमध्ये २०-२२ मजल्यांच्या इमारतींच्या मधे हे अजून चालू आहे!

आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात मोजायचा मान ताईचा. वयाने मोठी म्हणून, दुसरं काही कारण नाही. उभं राहायचा क्रम ठरलेला, ताई, बंड्या, मी, पिंकी आणि छोटू. ज्याच्यावर फुल्ला तो सुटला, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. गंमत अशी की ताईची सख्खी बहीण पिंकी, आणि तिच्यावर राज्य फारसं यायचंच नाही. कधी ताई 'तडतड' एका दमात एकाच्याच छातीवर म्हणायची, कधी 'तड' एकावर आणि दुसरं 'तड' पुढच्यावर. बंड्या ओरडायचा, ताई म्हणायची गाणं असंच आहे. संपला विषय! शब्दांना काही अर्थच नाही तर भांडणार कशावरून.

तुमच्याकडे काय होतं? सुटायची गाणी, भोंडल्याची, आजीची बिनडोक गाणी, काहीही चालेल. पण नुसती गाणी टाकू नका, त्यात कोणाचं काय चालायचं तेही लिहा.

नारायणपेठी
शनिवारात तडतड, नारायणात एकच तड. आमच्याकडे आवाज करायला परवानगी नव्हती.

दोन पिल्लांची आई
छान धागा. मुलगी सीनियर केजीत आहे, बालगीत स्पर्धा आहे, हावभाव करता येतील असं दोन मिनिटांचं गाणं सुचवा ना प्लीज. अडम तडम फार छोटं होतंय.

गणिताच्या बाई
चिंचबोरं, कुकर लावलाय तोवर लिहिते. तुमच्या ताईला भागाकार येत होता, तिला स्वतःला माहीत असो नसो.

मोजून बघा. अडम, तडम, तडतड, बाजा, हुक्का, तिक्का, लेशमास, करवंद, डाळिंब, फुल्ला. तडतड एकावर म्हटलं तर दहा ठोके. पाच जण, सुरुवात ताईपासून. दहावा ठोका छोटूवर, तो सुटला. पुन्हा ताईपासून, आता चौघं, दहावा बंड्यावर. मग तुमच्यापासून सुरू, तिघं उरलात, दहावा परत तुमच्यावरच. राहिल्या पिंकी आणि ताई, पिंकीपासून मोजलं की दहावा ताईवर, ताई सुटली. राज्य पिंकीवर.

आता तडतड फोडा, अकरा ठोके. पहिल्याच फेरीत ताई सुटते. मग बंड्यापासून चौघं, अकरावा पिंकीवर, पिंकी सुटली. पुढे छोटूपासून, बंड्या सुटतो. मग तुम्ही आणि छोटू, तुम्ही सुटता. राज्य छोटूवर.

म्हणजे एका 'तड'वर पिंकीचं राज्य छोटूकडे जातं. ताईने कोणाला ढकललं नाही, खोटं बोलली नाही, नुसती लय बदलली.

चिंचबोरं
बाई!!! छोटू रडायचा हो खरंच. इतका रडायचा की मग आजी वरून ओरडायची आणि त्याला कच्चं लिंबू करायचे. मी ताईला आत्ताच फोन लावते.

हडपसरचा पक्या
सोपं आहे राव, यात बहिणीचं वगैरे काही नाही. दहा ठोके असले की जो मोजतो तो कधीच अडकत नाही. आम्ही म्हणून मोजायला भांडायचो. हे गाणं बनवणाऱ्याने मोजणाऱ्यासाठीच बनवलंय.

गणिताच्या बाई
पक्या, तिघांपासून आठ जणांपर्यंत तुमचं बरोबर, मी आत्ता कागदावर करून बघितलं. पण दोघंच असले आणि स्वतःपासून मोजलं तर दहावा ठोका समोरच्यावर, तो सुटतो आणि मोजणाऱ्यावर राज्य. आणि कोणी तडतड फोडायचा आग्रह धरला की दोघांतलं गणित उलटं होतं.

चिंचबोरं, तुमच्या कच्च्या लिंबाचं पण बघितलं. छोटूला गोलातून काढला की तुम्ही चौघं. चौघांत दहा ठोके घ्या नाहीतर अकरा, चौथाच अडकतो, म्हणजे पिंकी. तड फोडून आता उपयोग नाही. ताईला दुसरं काहीतरी करावं लागलं असणार, बहुतेक सुरुवात बदलली असेल. पिंकीपासून मोजलं की चौथ्या तुम्ही.

चिंचबोरं
ताई फोनवर हसतेय नुसती. म्हणते 'आज पिंकीपासून' असं म्हणायची ती, आणि आम्हाला वाटायचं पिंकीला मान दिला!! आणि राज्य माझ्यावर. चाळीस वर्षांनी कळतंय.

नारायणपेठी
कच्चं लिंबू म्हणजे मतदारयादीत नाव आहे पण मतदान मोजत नाहीत.

लोकवाङ्मयी
बसमध्ये आहे, टायपो असतील. हा प्रकार एका अभ्यासकाने फार चांगला पकडलाय. केनेथ गोल्डस्टीन, अमेरिकेतले लोकसाहित्याचे अभ्यासक, फिलाडेल्फियातल्या मुलांवर त्यांचा लेख आहे, १९७१ चा. तोवर मोठी माणसं असंच धरून चालायची की ही गाणी म्हणजे नाणेफेक, नशिबाचा खेळ. मुलांना विचारलं तर तीही बहुतेक तेच सांगतात. पण गोल्डस्टीन नुसतं विचारून थांबले नाहीत, मुलं खेळताना बघत बसले. तर काय दिसलं, की नको तो सुटत असेल तर गाण्याला शेपूट जोडायचं, मुलं किती आहेत त्यावरून गाणं निवडायचं, मोजताना स्वतःला गुपचूप वगळून पुढे जायचं, उभं राहायची जागा बदलायची. म्हणजे चिंचबोरंची ताई तिकडेही होती.

मला यात जास्त महत्त्वाचं हे वाटतं की गाणं निरर्थक असणं ही सोय आहे. 'मी मोठी आहे म्हणून राज्य तुझ्यावर' असं सरळ म्हटलं तर भांडण होईल. 'फुल्ला तुझ्यावर आला' म्हटलं की निर्णय कोणाचाच नाही. अर्थ असलेल्या वाक्याला उलट उत्तर देता येतं. 'लेशमास'ला काय उत्तर देणार?

हडपसरचा पक्या
पण मग पोरं मान्य का करतात? बंड्या ओरडत होता म्हणजे त्याला कळत होतंच की.

लोकवाङ्मयी
कळत असेलही. पण न मानावं तर खेळच सुरू होत नाही ना, अंधार पडायच्या आत. शिवाय बंड्यालाही कधीतरी मोजायला मिळणार असेल.

चिंचबोरं
नाही मिळालं कधी. ताई लग्न होऊन गेली तेव्हा आम्ही सगळे दहावीच्या पुढे.

आजोबा आळंदीरोड
नमस्कार. नातीच्या फोनवरून लिहितो आहे. तुम्ही निरर्थक म्हणता, पण आमच्या आजीने आम्हाला झोपवताना ज्ञानेश्वर माउलींचं म्हणून जे सांगितलं ते ऐका. काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड, एक वसेचि ना. वसेचि ना तिथे आले तीन कुंभार, दोन थोटे, एका घडेचि ना. मग त्या घडेचि ना ने घडली तीन मडकी, दोन कच्ची, एक भाजेचि ना. भाजेचि ना मध्ये रांधले तीन मूग. मोठी माणसं यात अध्यात्म सांगतात आणि ते असेलच, मी वारकरी आहे, वाद घालत नाही. पण आम्ही पोरं दर वेळी फसायचो. दोन ओसाड म्हटलं की वाटायचं तिसरं गाव तरी चांगलं असणार. दोन थोटे म्हटले की तिसऱ्याला हात असणार. तिसराही तसाच निघायचा, आणि गोष्ट मात्र त्याच्याच घरी पुढे जायची! जे नाही त्याच्यात स्वयंपाक. माझा धाकटा भाऊ विचारायचा, मग जेवलं कोण? आजी म्हणायची झोप आता.

गणिताच्या बाई
आजोबा, सुंदर. मी नववीला 'तीनपैकी दोन नाहीत' म्हटलं की मुलं आपोआप 'एक आहे' लिहितात. कोणी सांगितलेलं नसतं. उद्या वर्गात हे म्हणून बघणार.

दोन पिल्लांची आई
आजोबांचं हे हावभावासहित होईल का? थोटे कसं दाखवायचं पण?

वाईची लेक
भोंडल्याचं कोणीच कसं लिहिलं नाही अजून. आता सहकारनगरला असते पण आमच्या वाईला हस्त लागला की रोज एकीकडे, पाटावर हत्ती काढून. तर कारल्याचा वेल. कारल्याचा वेल लाव गं सुने मग जा माहेरा. लावला, आता जाऊ का. कारली येऊ देत गं सुने. आली, आता जाऊ का. मग भाजी कर, मग खा, मग उष्टं काढ, अशी शेपटी वाढतच जाते. लहानपणी आम्हाला ती नुसती लांबवायची मजा, प्रत्येक जण एक काम घालायची, कोणी म्हणायची गॅसचा नंबर लाव गं सुने. लग्न झाल्यावर कळलं की यात सासू एकदाही नाही म्हणत नाही. एकदाही! प्रत्येक अट पुरी होण्यासारखी, आणि पुरी झाली की पुढची तयार. 'नाही' म्हटली असती तर भांडता आलं असतं.

आणि श्रीकांता कमलाकांता, तो वेडा. लाडू गोल म्हणून चेंडू, करंजी तशा आकाराची म्हणून होडी करून पाण्यात सोडली. त्याचं दर वेळी अर्धं बरोबर असतं, म्हणून हसू येतं. शेवटी बायको झोपलेली बघून मेली मेली म्हणून जाळून टाकतो, आणि आम्ही सहा वर्षांच्या मुली ते टाळ्या वाजवत म्हणायचो. कोणी थांबवलं नाही. नवऱ्याला वेडा म्हणायची मुभा वर्षातून तेवढेच दिवस.

डेक्कनक्वीन
शेवटचं कडवं आमच्या सोसायटीत गाळलंय दोन वर्षांपासून, मुलांना भीती वाटेल म्हणून. मुलांना काही वाटत नव्हतं, आयांना वाटत होतं. मला स्वतःला ते गाळलेलं बरं वाटतं खरं सांगायचं तर.

वाईची लेक
मला नाही पटत, पण असो. खिरापत ओळखायचं तरी ठेवलंय का?

डेक्कनक्वीन
ठेवलंय. गेल्या वर्षी कोणीतरी सुशी आणली होती. कोण ओळखणार?

नारायणपेठी
वेड्याने ओळखली असती. भाताची वळकटी.

हडपसरचा पक्या
कारल्याच्या वेलाचा शेवट काय आहे पण? आमच्या आईच्या गाण्यात नवरा काठी घेतो, बायकोच्या गाण्यात फणी आणून वेणी घालून राणीला माहेरी पाठवतात. घरात दोन पार्ट्या झाल्यात आत्ता.

वाईची लेक
दोन्ही म्हणतात. आमच्याकडे कोणाच्या अंगणात भोंडला आहे त्यावर ठरायचं. सासू दारात उभी असली की फणी.

दोन पिल्लांची आई
मुलीला विचारलं तुम्ही राज्य कसं ठरवता तर म्हणाली स्टोन पेपर सिझर, अडम तडम मध्ये चीटिंग होतं. आणि स्पर्धेला ती ये रे ये रे पावसा म्हणणार आहे, ठरलं तिचं. त्यात पैसा खोटा देऊनही पाऊस मोठा येतो, तर पावसाला कळलं कसं नाही असं विचारतेय. काय सांगू?

नारायणपेठी
पुण्यात रिक्षाला देऊन बघ म्हणावं.

गणिताच्या बाई
तिला विचारा ना तिचं काय म्हणणं आहे. आणि चिंचबोरं, ताईला विचारून सांगा, सहा जण असले की काय करायची ती? दहाला दुसऱ्यावर राज्य येतं, म्हणजे बंड्यावर. अकराचं मी अजून केलं नाही, शिट्टी झाली कुकरची.