वर्स्टेड आणि वूलन : दोन्ही लोकरच, मग फरक कशाचा?

दादरकर : सुटासाठी राखाडी कापड घेतले, त्याच्या काठावर ‘वर्स्टेड’ हा शब्द छापलेला आहे. घरातल्या राखाडी स्वेटरच्या चिठ्ठीवर ‘वूलन’ असे लिहिलेले आहे. दोन्ही शंभर टक्के लोकरीचे आहेत, तरी सुटाचे कापड हाताला गुळगुळीत आणि गार लागते, तर स्वेटर केसाळ आणि उबदार आहे. शिवाय लोकलमध्ये खांद्याच्या बॅगेचा पट्टा जिथे घासतो तिथे आणि काखेत स्वेटरला गोळे आले आहेत. दुकानदाराच्या मते वर्स्टेड म्हणजे मेरिनो मेंढीची लोकर. हा अर्थ बरोबर आहे का?

पार्लेकर : दुकानदाराचे म्हणणे मला पटते. मेरिनोचा तंतू बारीक असतो, म्हणून कापड गुळगुळीत होते. वूलन म्हणजे जाडीभरडी लोकर. सुटाच्या कापडावर ‘सुपर 100’, ‘सुपर 120’ असे जे आकडे असतात तेही बारीकपणाचेच असतात.

कताईखाते : मी लोकरीच्या गिरणीत कताई विभागात नोकरी केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आकड्यांविषयी पार्लेकर यांचे म्हणणे बरोबर आहे : सुपर 100 साठी तंतूची सरासरी जाडी 18.75 मायक्रॉनपेक्षा जास्त चालत नाही आणि सुपर 120 साठी ही मर्यादा 17.75 आहे. मात्र वर्स्टेड हे मेंढीच्या जातीचे नाव नव्हे. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातल्या वर्स्टेड गावावरून तो शब्द आला आणि तो सूत कातण्याची पद्धत सांगतो. उत्तम मेरिनोचेही वूलन सूत कातता येते.

दोन्ही पद्धतींत धुतलेली लोकर आधी तारांच्या दातांच्या रुळांवरून जाते. पिंजारी गादीचा कापूस मोकळा करतो तसे तंतू तिथे सुटे होतात. वाटा यानंतर वेगळ्या होतात. वूलनमध्ये त्या सुट्या तंतूंच्या पातळ थराच्या पट्ट्या पाडतात, त्या हलक्या वळतात आणि थेट कातायला घेतात. त्यामुळे आखूड आणि लांब तंतू एकत्रच राहतात, आडवेतिडवे गुंततात आणि त्यांची टोके सुताबाहेर डोकावतात. वर्स्टेडमध्ये तीच लोकर पुढे फण्यांतून विंचरली जाते. आखूड तंतू बाहेर पडतात (ते वाया जात नाहीत, वूलनच्या कामी येतात), उरलेले लांब तंतू एका दिशेने लावले जातात, मग तो पेळू पुन्हा पुन्हा ओढून बारीक केला जातो आणि शेवटी त्याला पीळ दिला जातो. तंतू शेजारी शेजारी दाटून बसल्यामुळे सुताचा पृष्ठभाग सपाट होतो. आपल्या बोटांना जो गुळगुळीतपणा जाणवतो, त्यात बारीक तंतूचा वाटा आहेच, पण मोठा वाटा या विंचरण्याचा आहे.

ऊबही यातूनच समजते. ऊब धरून ठेवते ती तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा. वूलनचे सूत फुगीर असल्यामुळे तेवढ्याच वजनात ते जास्त हवा धरते. वर्स्टेडचे सूत घट्ट आणि सपाट असते, म्हणून त्याचे कापड अंगाला लागताच गार वाटते. साध्या विणीचे, भरपूर पीळ दिलेले हलके वर्स्टेड मुंबईच्या दमट हवेतही चालते ते याचमुळे. ते चुरगळले तरी टांगून ठेवल्यावर बऱ्याच अंशी सरळ होते. त्याचा दोषही त्याच्या सपाटपणातच आहे : कोपरे आणि बसण्याची जागा घासून चकाकू लागतात.

विणकामवेडी : मला हे पटत नाही. मी वर्स्टेड लोकर आणून भाच्यासाठी स्वेटर विणला. ती चांगली जाड होती, 5 मिलिमीटरच्या सुयांवर विणली. तिला तर महिनाभरात गोळे आले. मग वर्स्टेड सपाट कसे म्हणायचे?

कताईखाते : आपण म्हणता ते वर्स्टेड वेगळे आहे, ताई. विणकामाच्या लोकरीच्या गुंडीवर, विशेषतः अमेरिकी वळणाच्या, हा शब्द सुताची जाडी सांगतो. 100 ग्रॅममध्ये साधारण 200 मीटर भरणारे मध्यम जाडीचे सूत त्या नावाने विकले जाते. ते ॲक्रिलिकचेही असू शकते. आपल्या गुंडीत काय होते, हे चिठ्ठीवरील टक्केवारीतूनच कळेल.

विणकामवेडी : चिठ्ठी सापडली. निम्मी लोकर, निम्मे ॲक्रिलिक.

कताईखाते : मग गोळे टिकून राहण्याचे कारण सापडले. घर्षणाने सैल टोके वर येतात, एकमेकांत गुंततात आणि गोळा बनतो. निव्वळ लोकरीत त्या गोळ्याला धरून ठेवणारे तंतू तुलनेने कमजोर असतात, ते तुटतात आणि गोळा गळून पडतो. ॲक्रिलिक, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा चिवट तंतू मिसळलेला असला, तर गोळा मूळ धरून बसतो. वूलनमध्ये आखूड तंतू आणि कमी पीळ असल्यामुळे गोळे लवकर दिसतात, पण निव्वळ लोकरीचे असेल तर सुरुवातीचे सुटे तंतू निघून गेल्यावर त्यांचे प्रमाण बहुधा कमी होते. विंचरलेल्या मेरिनोच्या मऊ स्वेटरलाही गोळे येतात, कारण मऊपणासाठी त्या सुताला पीळ कमी ठेवलेला असतो आणि विणीचे टाके सैल असतात.

पार्लेकर : म्हणजे पद्धत, पीळ आणि वीण, तिन्ही पाहायचे. मान्य. पण कापड हातात असताना हे ओळखायचे कसे?

कताईखाते : शिवणीच्या आतल्या कडेचा एक धागा काढा. तो दुहेरी असेल तर आधी दोन पदर वेगळे करा आणि एका पदराचा पीळ उलटा फिरवून सोडवा. वर्स्टेडचे तंतू समांतर पडतात आणि चांगले लांब निघतात. वूलनचा पदर पीळ सुटताच कापसासारखा फुलतो आणि अलगद ओढला तरी तुटतो. आत आखूड तंतूंची गुंतागुंत दिसते.

दादरकर : करून पाहिले. सुटाच्या धाग्यातील तंतू बोटाच्या दोन पेरांपेक्षा लांब आणि सरळ निघाले. स्वेटरचा पदर ओढताच फुलून तुटला. आता एक शंका : याच दुकानात फ्लॅनेलचे कापडही होते, त्याच्यावर लव आहे, तरी काठावर वर्स्टेडच छापले आहे. ही चूक समजावी का?

कताईखाते : चूक असेलच असे नाही. फ्लॅनेल परंपरेने वूलनचे असते, पण वर्स्टेड सुताचे कापड विणून नंतर ओले घोळवून, आटवून त्यावर लव आणतात. तेव्हा धागा काढून पाहिल्याशिवाय काठावरच्या अक्षरांवरून निर्णय देऊ नये.

माहीमचा वाचक : मग मराठीत ‘विंचरलेले सूत’ आणि ‘पिंजलेले सूत’ असे म्हणायला हरकत नसावी.

कताईखाते : पहिले चालेल. दुसऱ्याविषयी मात्र माझी शंका आहे, कारण तारांच्या दातांवरून तर दोन्ही जातात. आमच्या खात्यात सगळे ‘वूलन’च म्हणत असत.

माहीमचा वाचक : तरीही ज्याचे काम पिंजण्यावरच थांबते, त्याला ‘पिंजलेले’ म्हणण्यात मला वावगे दिसत नाही.