अकरावीचा फॉर्म : कुणी सांगेल का?

नेने वहिनी (बी-२०३): घरचं ग्रुपवर लिहितेय, माफ करा. पसंतीक्रम उद्या लॉक करायचाय. ८८.४० टक्के आहेत तर सायन्सच, असं ह्यांचं म्हणणं. ओंकारला आर्ट्स हवंय, भूगोल घेऊन. घरात अबोला आहे.

साठे काका (ए-१०१): सायन्स घ्या. नंतर कुठेही वळता येतं.

कुलकर्णी (सी-३०४): ८८ ला आर्ट्स? विचार करा हो.

गौरीताई (ए-४०२): वहिनी, गणितात किती?

नेने वहिनी: ६१. मराठी ९१, हिंदी ९०, इंग्रजी ८४, विज्ञान ८४, सामाजिक शास्त्रं ९३.

गौरीताई: पाचांची बेरीज ४४२, म्हणून ८८.४०. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये गणित धरलेलंच नाही! अंतर्गत किती होते?

नेने वहिनी: २० पैकी १९.

गौरीताई: म्हणजे लेखीत ८० पैकी ४२. आणि इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे.

साठे काका: सायन्स घ्या. नंतर वळता येतं.

सचिव: टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा.

कुलकर्णी: परवाच धुतली ना? मेंटेनन्स कशाचा घेता?

सचिव: मीटिंगला या, मग विचारा.

नेने (बी-२०३): गौरी मॅडम, एका पेपरवरून मुलाचं भवितव्य ठरवायचं? क्लास लावतोय आम्ही.

गौरीताई: दादा, ठरवत नाही, तपासा म्हणतेय. बीजगणिताची जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ न लावता सोडवायला द्या. सगळं जमलं तर सराव कमी पडला होता, क्लासने भरून निघेल. शाब्दिक उदाहरणाचं समीकरणच मांडता आलं नाही, तर पाया कच्चा आहे. अकरावीत त्रिकोणमिती न् पुढे कॅल्क्युलस त्यावरच उभं राहतं.

साठे काका: पुन्हा सांगतो, सायन्समधून वळता येतं. उलटं येत नाही.

गौरीताई: काका, खरंय. आर्ट्स करून इंजिनिअरिंगला जाता येणार नाही, हे ओंकारला स्पष्ट सांगायलाच हवं. पण मन नसताना काढलेल्या सायन्समध्ये बारावीला साठ टक्के पडले, तर वळताना तेच साठ घेऊन बीएच्या मेरिटला उभं राहावं लागेल.

शिंदे (सी-१०२): माझ्या भाचीने सायन्सला गणित सोडून भूगोल घेतला होता. आर्ट्सलाही गणित घेता येतं. कॉलेजात तो विषय शिकवतात का, ते आधी विचारा.

नेने: मग पहिल्या नंबरवर सायन्स टाकू, बाकी नंतर बघू.

गौरीताई: असं नका करू दादा! पहिल्या पसंतीचं लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

नेने: हे माहीत नव्हतं.

साठे काका: सायन्सच.

नेने वहिनी: काका, पुरे आता, प्लीज. गौरीताई, सातला आम्ही दोघं येऊ?

गौरीताई: तिघं या. ओंकारला बोलू दे.