फॅनचा रिमोट कॉपी होतो, गेटचा का नाही?

> "४३३.९२ मेगाहर्ट्झवर फॅनचा रिमोट रेकॉर्ड करून परत पाठवला, चालला. गेट मात्र ढिम्म."

एकच बटण दोनदा दाबा आणि दोन्ही रेकॉर्डिंग एकाखाली एक लावून बघा. फॅनचे बिट दोन्ही वेळा तेच दिसतील. गेटच्या रिमोटमध्ये अनुक्रमांकाचा भाग तसाच राहील, बाकीचे बिट मात्र पार बदललेले असतील. कीलॉक या गेटच्या रिमोटांत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत असे बदलणारे ३२ बिट असतात. त्यांत दाबागणिक वाढणारा आकडा गुप्त किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. रिसीव्हर शेवटचा आकडा लक्षात ठेवतो आणि त्याच्या थोडं पुढचाच स्वीकारतो, त्यामुळे तुमचं रेकॉर्डिंग त्याच्या लेखी शिळं. किल्ली हवेतून जातच नाही, मग कॉपी कशाची करणार? जादा रिमोट हवा असेल तर गेटच्या कंट्रोल बोर्डावरचं लर्न बटण वापरून नवा जोडून घ्या. त्याची मोजणी वेगळी चालते.