घरचं पनीर: लिंबू किती गरम दुधात घालायचं आणि वजन ठेवायच्या आधी किती वेळ थांबायचं?

राजारामपुरी_किचन
नमस्कार मंडळी, पनीर घरी करते पण दर वेळी वेगळंच होतं. दूध म्हशीचं, गंगावेशच्या कट्ट्यावरनं सकाळी आणलेलं, २ लिटर, पाणी बिलकुल नाही. उकळी आली की गॅस चालू असतानाच लिंबू पिळते, दूध लगेच फाटतं, मग चोथा पंचात बांधून नळाला अर्धा पाऊण तास टांगून ठेवते आणि मग पाटाखाली दाबते. वडी बाहेरून छान दिसते पण सुरी लावली की कोपरे सुटतात, आणि जे तुकडे नीट पडतात ते भाजीत घातल्यावर चिवट लागतात. एकाच वेळी भुगा पण आणि चिवट पण, हे कसं काय होतं? मला दोनच गोष्टी विचारायच्यात, लिंबू घालताना दूध किती गरम पाहिजे आणि दाबायच्या आधी किती वेळ ठेवायचं. लेकीच्या वाढदिवसाला पनीर करायचंय, बाहेरचं आणायचं नाही.

उद्यमनगर_आई
अगं गॅस चालू ठेवून लिंबू घालायचंच नाही, पनीर चिवट होतं. गॅस बंद कर आणि लगेच लिंबू घाल, उकळतं असतानाच, थांबलीस तर दूध फाटत नाही नीट. आणि टांगून ठेवायचं ते अर्धा तास नाही, रात्रभर ठेव. सगळं पाणी निघून गेलं की मग दाबायचं, आमच्याकडं असंच करतात.

कसबा_बावडा_७२
ताई, मी दूध डेअरीत पनीर सेक्शनला बरीच वर्षं काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरच्या काकूंचं गॅस बंद करायचं बरोबर आहे, पण लगेच घालायचं आणि रात्रभर टांगायचं या दोन्हींनी तुमचा त्रास वाढेल.

दूध उकळायचंच, त्यात सूट नाही, कारण चांगलं तापलं की दुधातली जी प्रथिनं एरवी पाण्यातून निघून जातात ती पण चोथ्याबरोबर येतात आणि पनीर जास्त निघतं. पण आंबट घालायची वेळ ती नाही. उकळत्या दुधात लिंबू पडलं की चोथा एकदम आकसतो, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतो, म्हणून चिवट. म्हशीच्या दुधाला ७० ते ७५ डिग्री पुरेत. त्याच्या खूप खाली गेलात तर उलटं होतं, चोथा मऊ गिळगिळीत होतो, पाणी दुधाळच राहतं आणि वडीला जोर राहत नाही.

दोन लिटर जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण न ठेवता, मधनंमधनं ढवळत राहिलं (नाहीतर साय धरते) की साधारण १० ते १२ मिनिटांत तेवढं उतरतं, पण पातेलं बदललं की वेळ बदलते, त्यामुळं एक किचन थर्मामीटर घ्याच. बोट बुडवून अंदाज करू नका, भाजतं.

लिंबाचं म्हणाल तर दोन लिटरला ८० मिलीच्या आसपास रस लागतो, म्हणजे पाच सहा कागदी लिंबं. गाळून घ्या, त्यात तेवढंच कोमट पाणी घाला आणि थोडं थोडं ओतत पळीनं हळू फिरवा. पूर्ण रस घालायलाच पाहिजे असं नाही, लिंबू लिंबावर आहे. पाणी हिरवट पिवळं आणि पारदर्शक दिसलं की तिथंच हात थांबवा, त्याच्या पुढं घातलेलं लिंबू पनीर आंबट आणि ठिसूळ करतं.

आता थांबायचं. दोन ठिकाणी थांबतात आणि त्यात गल्लत होते. फाटल्यावर पातेल्यावर झाकण ठेवून ५ ते १० मिनिटं न ढवळता चोथा त्याच पाण्यात बसू द्या, हे थांबणं गरजेचं. नंतर पंचात ओतल्यावर मात्र एक दोन मिनिटं निथळू द्या आणि गरम असतानाच वजन ठेवा. तुमचे कोपरे सुटतात ते इथं, पाऊण तास टांगल्यावर चोथा थंड होतो आणि थंड कण एकमेकाला धरत नाहीत, मग वर कितीही दाबा. कापलेल्या बाजूला कण वेगळे वेगळे दिसत असतील आणि मधे फटी असतील तर कारण हेच.

मिरजकर_बोर्डिंग
मी पिशवीचं टोन्ड दूध वापरतो, ७५ ला लिंबू घालून पाहिलं, कण बारीक वाळूसारखे येतात आणि पाणी पांढरंच राहतं. रसगुल्ले पण करायचे आहेत. लिंबू वाढवू का?

कसबा_बावडा_७२
नको, आंबटपणाच वाढेल. गायीचं किंवा पातळ दूध असेल तर जरा गरम, ८० ते ८५ ला घाला. आणि रसगुल्ल्याचा छेना दाबायचा नाही, तो गायीच्या दुधाचाच मऊ होतो, हे वेगळं काम आहे.

शिवाजी_पेठ_सुगरण
काय ओ दादा, ७० ला मऊ होतं हे मान्य, पण आम्ही पनीर तळून घालतो, त्याला ८० च बरं पडतंय. ७० चं तेलात फुटतंय माझ्याकडं.

कसबा_बावडा_७२
असेल की, तळायला घट्ट पाहिजे. मी भाजीसाठी सांगितलं, तुम्ही ८० ठेवा. पण तेलात फुटायला ओलसर तुकडे हेही कारण असतं, पुसून घालून बघा.

राजारामपुरी_किचन
आणि चोथा धुवायचा का हो? सासूबाई धुतात, लिंबाचा वास जातो म्हणतात. वजन किती आणि किती वेळ?

कसबा_बावडा_७२
वजनाचं सांगतो. दोन लिटरचं साधारण ४०० ग्रॅम पनीर निघतं, त्याला पाण्यानं भरलेला छोटा कुकर, दोन तीन किलो, २० ते २५ मिनिटं बास. दगडी पाटा पाऊण तास नको, फार कोरडं होतं. नंतर वडी फ्रीजच्या गार पाण्यात दोन तास बुडवा, मग कापा. धुण्याचं माझं मत, गार पाण्यानं धुतलं की चोथा थंड होतो आणि वरचा सगळा त्रास परत. गरम पाणी वापरलं तर चालेल.

उद्यमनगर_आई
मला नाही पटत, आम्ही गार पाण्यानंच धुतो आणि वडी सुटत नाही. लिंबू कमी घालतो म्हणून असेल कदाचित.

राजारामपुरी_किचन
आज केलं बरं का. थर्मामीटरनं ७४ ला लिंबू घातलं, साडेचार लिंबांत पाणी निवळलं, सात आठ मिनिटं झाकून ठेवलं, पंचात ओतून लगेच कुकर ठेवला. सुरी सरळ गेली, कोपरा एकही सुटला नाही, चव गोडसर आहे. फक्त एका बाजूला वडी जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ झाली, कुकर बहुतेक कलला. दादा, वर ताट ठेवून मग कुकर ठेवू का लाकडी फळी चांगली?

शिवाजी_पेठ_सुगरण
फळी ठेव गं, आणि पंचाची गाठ बाजूला सारून ठेव, मधे आली की तिथं खड्डा पडतोय.