जुनी मोटार मुंबईत ठेवावी का? वयाची अट की धुराची तपासणी?

सुहास (मुलुंड): वडिलांनी मे २००६ मध्ये घेतलेली पेट्रोलवरची छोटी मोटार आमच्याकडे आहे. वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते आणि दर सहा महिन्यांनी पीयूसी उत्तीर्ण होते. नोंदणीच्या दुसऱ्या नूतनीकरणाची वेळ आली आहे. घरात दोन मते पडली आहेत: दिल्लीप्रमाणे मुंबईतही वयाची अट लावून अशा गाड्या काढून टाकाव्यात, की तपासणीत उतरते तोवर त्या चालू द्याव्यात?

श्रीकांत (डोंबिवली): यात चर्चेला फारसा वावच नाही. पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात काढावी, असा केंद्राचा नियम झालेला आहे, आणि पीयूसी नसेल तर विमा कंपनी दावाही देत नाही. उगाच पाच-दहा हजार रुपये शुल्कात घालवण्यापेक्षा गाडी भंगारात द्या आणि त्याचे प्रमाणपत्र घेऊन नव्या गाडीच्या करात सवलत मिळवा.

दत्ताराम (लालबाग): श्रीकांतराव, तुम्ही ऐकलेली गोष्ट निराधार नाही, पण ती सरकारी गाड्यांची आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवली जात नाही. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत नमुना २५ भरायचा, गाडी आरटीओत निरीक्षकाला दाखवायची आणि राज्याचा पर्यावरण कर भरायचा. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क दहा हजार रुपये झाले आहे, तेवढी तयारी सुहासने ठेवावी. विम्याबाबत म्हणाल, तर केवळ पीयूसी नव्हती म्हणून दावा नाकारता येत नाही, असे विमा नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केले होते. दंड मात्र दहा हजारांपर्यंत होऊ शकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी चाळीस वर्षे गॅरेज चालवले आहे आणि गाडीचे वय पाहून तिचा धूर सांगता येतो, असे मला कधीच वाटले नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे २००७ सालची एक मोटार आली. पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड १.६ टक्के दिसत होता, आणि तिच्या श्रेणीची मर्यादा आहे ०.५. मालक घरापासून चार मिनिटांत थेट केंद्रावर पोहोचले होते, म्हणजे इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर दोन्ही थंड होते. मी त्यांना शीवपर्यंत जाऊन परत यायला सांगितले. आकडा ०.९ वर आला, पण त्याखाली काही केल्या उतरेना. प्लग काढून पाहिले, तर चारही प्लगांवर सुकी काजळी बसलेली होती, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात होते. ऑक्सिजन सेन्सर एकाच जागी अडकला होता. सेन्सर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि आकडा ०.३१ वर आला. ती गाडी तेव्हाही अठरा वर्षांचीच होती आणि दुरुस्तीनंतरही तेवढीच. बदलला तो फक्त सेन्सर.

मृणाल (शीव): दत्तारामकाका, तुमच्या गॅरेजात आलेली गाडी दुरुस्त झाली, याचा आनंद आहे. माझा प्रश्न गॅरेजात न येणाऱ्या गाड्यांचा आहे. आमचे घर शीव सर्कलपासून हाकेच्या अंतरावर आहे, सातवीतल्या मुलाला हिवाळ्यात जवळजवळ रोज रात्री नेब्युलायझर लावावा लागतो आणि खिडकीच्या जाळीवर बसणारी काळी पूड मी स्वतः ओल्या फडक्याने पुसते. त्या पुडीत बांधकामाची धूळही आहे, हे मला ठाऊक आहे. पण ज्या तपासणीवर तुम्ही विश्वास ठेवायला सांगता, ती वर्षातून दोनदा, गाडी उभी असताना, काही मिनिटांत उरकते. सर्कलवर त्याच गाड्या दर दहा सेकंदांनी थांबतात आणि निघतात. शिवाय या शहराने वयाची अट पूर्वी लावलेली आहे. जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणल्या गेल्या, नंतर त्यांना वीस वर्षांची मर्यादा आली, आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. पोट भरण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या गाडीला जी अट लागू होते, ती हौसेने ठेवलेल्या खासगी गाडीला का नको?

कविता (ठाणे): मी नुकतीच दिल्लीहून बदलून आले आहे. माझी २०१४ ची डिझेल गाडी तिकडे दहा वर्षांच्या नियमात सापडली होती. ती इथे नोंदवता येईल का, की इथेही वयाची अट लागू होणार आहे? तसे असेल तर मी आत्ताच विकून टाकते.

दत्ताराम: कविताताई, दिल्लीचा नियम हरित लवादाच्या आदेशातून आला आणि तो राजधानी परिसरापुरता आहे. दिल्लीच्या परिवहन कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्या, इथला कर भरा आणि बारा महिन्यांच्या आत महाराष्ट्राचा क्रमांक घ्या, गाडी पंधरा वर्षांच्या हिशेबानेच चालेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये तिकडेही बीएस-४ या धुराच्या मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांना वयाच्या कारवाईतून वगळले आहे, म्हणजे रोख वयावरून गाडी कोणत्या मानकाची आहे याकडे वळला आहे. मुंबईपुरते बोलायचे, तर पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे पाहण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. त्याबद्दल अफवा पुष्कळ ऐकायला मिळतात, पण अफवेवर गाडी विकू नका.

मृणालताई, टॅक्सीचा दाखला योग्य आहे, पण तो तुमच्या नव्हे तर माझ्या बाजूने जातो. टॅक्सी दोन पाळ्यांत रोज दीडशे किलोमीटर सहज पळते, त्यामुळे तिथे वय म्हणजेच झीज. सुहासच्या मोटारीने वीस वर्षांत साठ हजार किलोमीटर कापले असतील, टॅक्सी तेवढे दीड वर्षाच्या आत कापते. मात्र तपासणी अपुरी आहे, हे तुमचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यातली खरी खोट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. पेट्रोल गाडीत पीयूसी फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. बीएस-४ पासूनच्या गाड्यांना मर्यादा कडक आहे, मोनॉक्साइड ०.३ टक्के, आणि त्यांना आणखी एक चाचणी द्यावी लागते: इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर धरून मोनॉक्साइड ०.२ च्या आत आहे का आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण बरोबर आहे का, हे पाहिले जाते. कन्व्हर्टर मेलेला असेल तर तो तिथे हमखास पकडला जातो. बीएस-३ गाडीतही कन्व्हर्टर असतो, पण तिची ही चाचणी होतच नाही. म्हणजे गाडी जितकी जुनी, तितकी तिची परीक्षा सोपी. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तर तपासणीपुरता मिक्श्चर स्क्रू आवळायचा आणि घरी जाऊन पुन्हा सैल करायचा, हा उद्योग मी डोळ्यांनी पाहिला आहे. माझी मागणी इतकीच आहे, की पंधरा वर्षांवरील प्रत्येक कन्व्हर्टरवाल्या गाडीला अडीच हजार फेऱ्यांची चाचणी सक्तीची करावी. त्यात न उतरणारी गाडी दहा वर्षांची असली तरी थांबवावी.

श्रीकांत: सरकारी गाड्यांचा फरक मला माहीत नव्हता, चूक मान्य. पण काका, पेट्रोल मोटारीच्या पीयूसीचे १२५ रुपये घेणारा केंद्रचालक ही वाढीव चाचणी मनापासून करील का? नळी नीट आत न घालता आकडा घेणारे केंद्र माझ्या पाहण्यात आहे. नळी निदान फूटभर तरी आत जायला हवी, ती टोकाशीच लटकत होती.

मृणाल: माझा आक्षेप नेमका हाच आहे. वय नोंदणीपुस्तकात छापलेले असते, ते कोणाला खोटे सांगता येत नाही. चाचणी माणसाच्या हातात असते. काकांची चाचणी शास्त्राला धरून आहे, पण ती प्रामाणिकपणे होईल याची हमी मिळेपर्यंत माझ्या मुलाने वाट का पाहावी?

दत्ताराम: ताई, या प्रश्नाला माझ्याकडे पुरे पडेल असे उत्तर नाही. एवढे मात्र सांगतो, की लबाडी पडद्यावर दिसते. केंद्रावरचे यंत्र कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दाखवते. धुरात बाहेरची हवा मिसळली नसेल, तर मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड मिळून पंधरा टक्क्यांच्या आसपास भरतात आणि ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली राहतो. नळी बाहेर लटकत असेल किंवा सायलेन्सरला भोक असेल, तर धूर विरळ होतो, बेरीज घसरते आणि ऑक्सिजन चढतो. सुहास, पुढच्या वेळी प्रमाणपत्रावर समाधान न मानता पडद्यावरचे चारही आकडे टिपून घ्या.

सुहास: काल पीयूसीची मुदत संपत होती, म्हणून केंद्रावर जाऊन आलो. इंजिन चांगले गरम होते आणि नळी पुरती आत घालून घेतली. मोनॉक्साइड ०.४१, डायऑक्साइड ११.०, ऑक्सिजन ४.९. प्रमाणपत्र मिळाले.

दत्ताराम: बेरीज ११.४१ भरते. म्हणजे धुरात हवा मिसळते आहे, आणि नळी आत होती तर ती सायलेन्सरच्याच वाटेने येते आहे. विरळपणा काढून टाकायचा, तर ०.४१ ला पंधराने गुणून ११.४१ ने भागा: ०.५४ येतात. गाडी रॅम्पवर घ्या आणि इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या प्रत्येक जोडाजवळ साबणाचे पाणी शिंपडा, जिथे बुडबुडे उठतील तिथे गळती आहे. कन्व्हर्टरच्या मागचा फ्लँज आणि मधल्या डब्याची शिवण, या दोन जागा आधी पाहा, पावसाच्या पाण्याने त्या सर्वांत आधी कुजतात. गळती बंद करून पुन्हा मोजा. आकडा ०.५ च्या वर राहिला, तर मग सेन्सर आणि कन्व्हर्टर तपासायला घ्या.

मृणाल: म्हणजे खरा धूर मर्यादेबाहेर असलेली गाडी काल उत्तीर्ण झाली आणि पुढचे सहा महिने ती शीववरून कायदेशीरपणे ये-जा करू शकते. सुहास, तुम्ही गळती काढाल, याबद्दल मला शंका नाही. बाकीच्यांचे आकडे कोण टिपून घेणार आहे?

सुहास: सोमवारी सकाळी गाडी लालबागला आणतो, काका. नमुना २५ त्यानंतरच भरीन.