आयव्हीएफमध्ये इंजेक्शनचा डोस कमी केला म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली का?

"वय ४१, अंड्यांचा साठा दाखवणारं एएमएच ०.५. ४५० युनिटवर दोनच अंडी मिळाली. आता लेट्रोझोलच्या गोळ्या आणि १५० युनिट म्हणतात, सोबत डोनर एगचाही विषय काढला."

नाही. इंजेक्शन नवे फॉलिकल, म्हणजे अंडं वाढतं त्या पिशव्या, तयार करत नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत दिसतात तेवढेच वाढवतं. तिथे तीनच असतील तर ४५० युनिटनेही सहसा फार फरक पडत नाही, बिल मात्र फुगतं. माझी ४५० वर दोन आली, १५० वरही दोनच! वाचलेले पैसे पुढच्या सायकलला उपयोगी पडतात.

डोनरचा विषय अंड्यांच्या संख्येपेक्षा वयामुळे निघतो. पस्तिशीत दोन अंडीही चालून जातात. चाळिशीनंतर बऱ्याच अंड्यांत गुणसूत्रांचा दोष असतो. तुमचे भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत पोचले होते का, ते आधी विचारा.